तळाशी ५ आहे, मग गरम आमटी चालेल का?

प्रश्न: आमच्याकडे आइस्क्रीमचे आणि हॉटेलच्या पार्सलचे डबे धुऊन ठेवतात. मी ऑफिसला त्यातूनच आमटी-भाजी नेते आणि दुपारी तोच डबा तिथल्या मायक्रोवेव्हमध्ये ठेवते. आइस्क्रीमच्या डब्याच्या तळाशी त्रिकोणात ५ आहे, पार्सलच्या काळ्या डब्यावरही ५. तुपाच्या बरणीवर १ आहे. आणखी एका डब्यावर त्रिकोण नाही, नुसता ४ आहे. सासूबाई म्हणतात, पाच नंबर गरमला चालतो. नवरा म्हणतो, प्लॅस्टिक म्हणजे विषच. खरं काय धरायचं?

उत्तर: आधी निकाल सांगतो, कारणं मागाहून. आइस्क्रीमच्या डब्यात कोमट झालेली आमटी न्या, पण तो मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नका. काळ्या डब्यात भात, पोळी, कोरडी भाजी बिनधास्त न्या. तेलकट रस्सा त्यात तापवू नका आणि त्याचं झाकण तर कधीच मायक्रोवेव्हमध्ये घालू नका. तुपाच्या बरणीत गरम काहीही नको. नुसता ४ लिहिलेल्या डब्याबद्दल तुम्हाला अजून काहीच कळलेलं नाही, कारण तो ४ बहुतेक तुम्ही समजता तो ४ नाहीच.

मी सव्वीस वर्षं इंजेक्शन मोल्डिंगमध्ये काढली, त्यातली बरीचशी खाद्यपदार्थांच्या डब्यांवर. तो त्रिकोण साच्यात कोरून घेण्याचं काम माझ्या टेबलावरून जायचं, म्हणून एक गोष्ट ठामपणे सांगू शकतो. तो त्रिकोण तुमच्यासाठी कोरलेला नसतो, भंगारवाल्यासाठी कोरलेला असतो.

ही पद्धत १९८८ मध्ये अमेरिकेतल्या प्लॅस्टिक उत्पादकांच्या संघटनेने सुरू केली. कचऱ्यातून आलेल्या बाटल्या नि डबे वितळवण्याआधी वेगळे करावे लागतात. दुसऱ्या जातीचे थोडे तुकडे मिसळले तरी अख्खा घाणा बिघडतो. म्हणून प्रत्येक जातीला एक आकडा दिला. १ म्हणजे पेट, २ म्हणजे एचडी, ३ पीव्हीसी, ४ एलडी, ५ पीपी, ६ पॉलिस्टायरीन, आणि ७ म्हणजे ‘बाकी सगळं’. हा क्रम सुरक्षिततेचा नाही. ५ हा ४ पेक्षा चांगला आणि ६ पेक्षा वाईट, असा त्यात काहीही अर्थ नाही. बाणांच्या त्रिकोणामुळे लोकांना वाटायचं की वस्तू नक्कीच पुनर्वापरात जाणार, म्हणून २०१३ मध्ये अमेरिकेच्या मानकात बाण काढून साधा भरीव रेषेचा त्रिकोण केला. आपल्याकडे जुने साचे अजून चालू असल्यामुळे दोन्ही दिसतात. अर्थ एकच.

आता सासूबाईंचं म्हणणं अर्धं का बरोबर आहे ते बघू. आकडा जात सांगतो, आणि जात कळली की ते प्लॅस्टिक साधारण किती तापमानाला ढिलं पडेल ते कळतं. पीपी, म्हणजे ५ नंबर, वितळतो १६० अंशांच्या आसपास. उकळतं पाणी १०० अंशांचं, आणि पुण्यात तर उंचीमुळे ते ९८ लाच उकळतं. म्हणजे आमटीने पीपी वितळण्याचा प्रश्नच येत नाही. रोजच्या वापरातल्या स्वस्त प्लॅस्टिकमध्ये गरम पदार्थाला त्यातल्या त्यात टिकणारा हाच, म्हणून पार्सलचे डबे त्याचे करतात.

पेटची, म्हणजे १ नंबरची, गोष्ट उलटी आहे आणि ती समजून घेण्यासारखी आहे. पेट वितळतो २५० अंशांच्या आसपास, पीपीपेक्षा कितीतरी वर. तरी पाण्याच्या बाटलीत गरम पाणी ओतलं की ती आक्रसून वेडीवाकडी होते. हे वितळणं नव्हे. चिक्की आठवा. पाक गार झाला की ती कडकडीत, पण थोडी ऊब लागली की वाकायला लागते, आणि तेव्हाही ती वितळलेली नसते. पेटचं तसं ‘वाकायचं’ तापमान ७० ते ७५ अंश आहे. बाटली फुगवताना ताणून पातळ केलेली असते. ऊब मिळाली की तो ताण सुटतो आणि बाटली आपल्या मूळ आकाराकडे पळते. तुपाची किंवा चिवड्याची बरणी जाड असते म्हणून एकदम आक्रसत नाही, पण आतून तीच अवस्था होते. शिवाय पेट बनवताना अँटिमनीचं संयुग वापरतात, त्याचा अगदी लहानसा अंश प्लॅस्टिकमध्ये राहतो, आणि तापमान वाढेल तसं त्याचं बाहेर येणंही वाढतं. तेव्हा बरणीत डाळ, रवा, शेंगदाणे, गार झालेलं लोणचं भरा. कढवून लगेच ओतलेलं तूप नाही. तुपाच्या कारखान्यात बरणी भरतात तेव्हा तूप कढईवरचं नसतं, पातळ राहील इतपतच ऊन असतं.

इथे एक गंमत सांगतो. विमानात गरम जेवण ज्या अपारदर्शक, बहुधा काळ्या ट्रेमध्ये येतं, त्यातले काही ट्रे १ नंबरचेच असतात आणि ते चक्क ओव्हनमध्ये तापवलेले असतात. तोही पेटच, पण त्याची जडणघडण मुद्दाम स्फटिकी केलेली असते, म्हणून तो ७५ अंशांना ढिला पडत नाही. एकच आकडा, एक बरणी गरम पाण्याने वाकते, दुसरा ट्रे ओव्हनमधून सरळ बाहेर येतो. आकड्यावर सगळा भरवसा टाकायचा नसतो तो यासाठी.

पाच नंबरचंही तसंच आहे. भिंतीच्या रंगाची वीस लिटरची बादली असते ना, तिच्याही तळाशी २ नाहीतर ५ असतो. डिटर्जंटची बाटली २, दुधाचा कॅनही २. जात एकच, पण त्यात घातलेला रंग, टिकाऊपणासाठीची रसायनं, दाणा नवा होता की भंगारातून पुन्हा तयार केलेला, यातलं काहीही त्रिकोणात लिहिलेलं नसतं. खाण्याच्या डब्यासाठी नवा किंवा त्यासाठी मान्यता मिळालेला दाणा आणि मान्य असलेलाच रंग घ्यावा लागतो. बादलीसाठी तशी सक्ती नाही. त्यामुळे ‘पाच नंबर आहे’ हे वाक्य म्हणजे ‘भांडं लोखंडी आहे’ असं म्हणण्यासारखं. तवाही लोखंडी, घमेलंही लोखंडी.

म्हणून डबा उलटा केल्यावर त्रिकोण बघून थांबू नका, शेजारचंही वाचा. पेला आणि काटा असं लहान चित्र असेल तर डबा खाद्यपदार्थासाठी बनवलेला आहे. नागमोडी रेषांचं चित्र किंवा तसा मजकूर असेल तर तो बनवणाऱ्याने मायक्रोवेव्हसाठी बनवला आहे. या दोन खुणा त्रिकोणापेक्षा तुमच्या जास्त कामाच्या. डब्यावर चिकटवलेल्या किंवा छापलेल्या मजकुरात एफएसएसएआयचा चौदा आकडी परवाना क्रमांक दिसतो, तो आत विकलेल्या पदार्थाच्या उत्पादकाचा असतो. रिकाम्या डब्यात तुम्ही पुढे काय भरावं याच्याशी त्याचा संबंध नाही. आणि पाच नंबरवर मोठ्या अक्षरात ‘बीपीए फ्री’ लिहिलेलं दिसलं तर खूश होण्याचं कारण नाही. बीपीए हे दुसऱ्या काही प्लॅस्टिकमधलं बदनाम झालेलं रसायन, पीपीमध्ये ते मुळात नसतंच. शेंगदाण्याच्या पुडीवर ‘यात मासे नाहीत’ लिहावं तसं ते आहे.

तुमचा तो नुसता ४. साच्यात एका ठोक्याला चार, सहा, आठ डबे एकदम निघतात. एखादा डबा खराब निघाला तर साच्याच्या कोणत्या खणातून आला हे कळायला प्रत्येक खणाला क्रमांक कोरलेला असतो. त्रिकोणाशिवाय एकटा आकडा दिसला तर तो बहुतेक हा खणाचा क्रमांक. शेजारच्या डब्यावर ३ असेल, प्लॅस्टिक तेच असेल. तसंच तळाशी कधी लहानसं घड्याळासारखं वर्तुळ असतं, कडेने १ ते १२ आणि मधे बाण. तो डबा कोणत्या महिन्यात पडला ते सांगणारा शिक्का आहे. बाण ५ वर आहे म्हणून डबा पीपीचा, असं समजणारे लोक मी पाहिलेत.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ, म्हणजे काळा डबा, त्यातली आमटी आणि दुपारचा मायक्रोवेव्ह. हाच प्रसंग टप्प्याटप्प्याने बघू, कारण घोटाळा नेमका कुठे होतो ते त्यात दिसतं.

समजा सकाळी साडेआठला आमटी गॅसवरून उतरवली आणि लगेच डब्यात ओतली. आमटी ९० अंशांच्या वर आहे. डबा वितळत नाही, पण हातात धरलात तर भिंत लिबलिबीत लागते. या पार्सलच्या डब्यांची भिंत फार पातळ असते. एकदा भरून, घरी नेऊन, खाऊन टाकण्यासाठीच ती काढलेली. वरून ताजी फोडणी ओतायची सवय असेल तर प्रकरण आणखी वेगळं. मोहरी तडतडते ते तेल सहज १६०-१७० अंशांपर्यंत गेलेलं असतं, म्हणजे पीपीच्या वितळण्यापर्यंत पोहोचलं. आमटीत मिसळलं की ते क्षणात थंडावतं, पण थेट प्लॅस्टिकच्या भिंतीवर पडलेला थेंब तिथे खड्डा पाडून जातो. फोडणी नेहमी पातेल्यातच द्या.

मग झाकण घट्ट लावलं. आतली वाफ गार होऊन पाणी झाली की आत हवेचा दाब कमी होतो आणि भिंती आत ओढल्या जातात. दुपारी डबा चेपलेला दिसतो तो यामुळे. कोणी वर बसलं नव्हतं.

दुपारी एक वाजता तोच डबा मायक्रोवेव्हमध्ये. मायक्रोवेव्ह पीपीला थेट फारसा तापवत नाही. तो पदार्थातल्या पाण्याला तापवतो आणि पदार्थ डब्याला. पाणी आहे तोवर आमटी शंभराच्या आसपासच राहते, म्हणून सगळं ठीक वाटतं. गडबड काठावर होते. आमटीवर, मिसळीच्या रश्श्यावर तर हमखास, तेलाची तर्री तरंगते आणि डब्याच्या भिंतीला पातळ थराने चिकटते. त्या थरातलं थोडंसं पाणी आधी उडून जातं. उरतं तेल, मसाला आणि टोमॅटोचा किंवा गुळाचा चिकट अंश. त्याला शंभराशी थांबवणारं पाणी आता नाही, आणि त्या रेषेवर तापमान पुढे चढत जातं. धुतल्यावर डब्याच्या आत, बरोबर रश्श्याच्या पातळीवर, एक खरखरीत पांढरट किंवा खवल्यासारखी रेघ दिसते. बोट फिरवलं तर कळते. ते प्लॅस्टिक तिथे वितळून पुन्हा गोठलेलं असतं. गुळाचा शिरा किंवा पुरणाचं सारण तापवलं तरी तसंच होतं, साखरही पाण्याच्या वर तापते.

हळदीचा पिवळा डाग लोक सगळ्यात जास्त मनाला लावून घेतात, पण तो एवढा गंभीर नाही. हळदीचा रंग तेलात विरघळतो, आणि पीपी तेल थोडं आत घेतो, म्हणून रंग आत जाऊन बसतो. उन्हात वाळवला तर बराच फिका होतो. पण त्या डागातून शिकण्यासारखं आहे. तेलाबरोबर रंग भिंतीच्या आत जाऊ शकतो, तर भिंतीतल्या काही गोष्टी तेलाबरोबर बाहेरही येऊ शकतात. रस्ता तोच आहे, वाहतूक दोन्ही बाजूंनी चालते. तेल आणि उष्णता एकत्र आली की ती वाढते. पाण्याचा पदार्थ आणि तेलाचा पदार्थ यांना मी एका मापाने मोजत नाही ते म्हणूनच.

किती बाहेर यायला परवानगी आहे याची मर्यादा आहे. २०१८ च्या एफएसएसएआय पॅकेजिंग नियमांप्रमाणे प्लॅस्टिकमधून एक किलो पदार्थात एकूण ६० मिलिग्रॅमपेक्षा जास्त काही उतरता कामा नये, आणि रंग उतरलेला डोळ्यांना दिसता कामा नये. प्रयोगशाळेत आमटी ओतून बघत नाहीत. तिच्या जागी पाणी, पातळ अ‍ॅसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरसारखं, आणि तेलकट पदार्थांसाठी त्यांच्यासारखा वागणारा द्रव घेतात, आणि ठरावीक तापमानाला ठरावीक वेळ डबा त्यात ठेवतात. ते तापमान आणि ती वेळ ठरते डबा कशासाठी आहे यावरून. आइस्क्रीमचा डबा थंड पदार्थासाठी, म्हणून त्याची परीक्षा थंड वापराची. त्यात ९० अंशांची आमटी घातलीत तर तो लगेच विषारी होत नाही, पण त्याने दिलेली परीक्षा वेगळी होती आणि तुम्ही त्याला बसवलंत दुसऱ्याच पेपरला.

आइस्क्रीमच्या डब्याबद्दल अजून एक. साधा पीपी गारठ्यात ठिसूळ होतो, फ्रीजरमधून पडला तर तडकतो. म्हणून आइस्क्रीमसाठी बहुधा रबरासारखा मऊ भाग मिसळलेला पीपी घेतात. आकडा तरी ५ च. तो मऊ भाग गारठ्यात उपयोगी, पण गरम तेलाच्या बाबतीत साध्या पीपीपेक्षा जास्त उदार. म्हणून सुरुवातीलाच म्हणालो, कोमट आमटी न्या, तापवू नका.

कोमट म्हणजे किती, तर थर्मामीटर नको. आमटी पातेल्यातच उघडी ठेवा, तोवर पोळ्या लाटून होतात. बोट बुडवून दोन क्षण ठेवता आलं की ५०-५५ अंशांच्या आसपास आली समजा. मग ओता. झाकण लावून ठेवलेलं पातेलं लवकर गार होत नाही, हे माझ्या बायकोने मला शिकवलं, कारखान्याने नाही.

आता झाकण, कारण खरी फसगत तिथेच आहे आणि झाकण कोणी वाचत नाही. डबा आणि झाकण एकाच जातीचे असतीलच असं नाही. काळ्या डब्यावर जे काचेसारखं स्वच्छ पारदर्शक झाकण असतं ते पुष्कळदा १ किंवा ६ नंबरचं असतं, कारण पीपी इतका नितळ सहसा निघत नाही, थोडा दुधट राहतो. खाली ५ वाचून निश्चिंत झालेला माणूस वर पेटचं झाकण ठेवून मायक्रोवेव्ह लावतो. वाफेने ते पापडासारखं वाकतं आणि मधोमध आमटीत टेकतं. आइस्क्रीमच्या डब्याचं लवचीक झाकण बरेचदा ४ नंबरचं, एलडीचं. ते शंभराच्या थोडं वर वितळतं, म्हणजे गरम वाफेशी त्याची अगदी लगट असते. झाकणाच्या आतल्या बाजूला, मधोमध, अगदी बारीक अक्षरात आकडा असतो. मोबाईलची बॅटरी तिरकी धरली की दिसतो.

आकडाच नसेल तर घरी करण्यासारखी एक सोपी परीक्षा आहे. डब्याच्या कडेचा किंवा जुन्या झाकणाचा नखाएवढा तुकडा कापा, भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब घातलेल्या पाण्यात पूर्ण बुडवा, चिकटलेले बुडबुडे बोटाने झटका आणि सोडा. पीपी, एचडी, एलडी पाण्यापेक्षा हलके, ते वर येतात. पेट, पीव्हीसी आणि कडक पॉलिस्टायरीन जड, ते तळाला जातात. साबण अशासाठी की तुकडा नुसत्या बुडबुड्यांवर तरंगू नये. यात एक अडचण आहे. काही काळ्या डब्यांत पीपीमध्ये खडूसारखी भर घातलेली असते, असा पीपी बुडूही शकतो. म्हणजे तरंगला तर तो त्या तीन हलक्यांपैकी एक हे पक्कं, बुडाला तर संशय. झाकणासाठी दुसरी परीक्षा अशी की वाडग्यात उकळतं पाणी ओतून झाकण वर पाच मिनिटं ठेवा. पेटचं असेल तर वाकेल, पीपीचं असेल तर थोडं मऊ होऊन गार झाल्यावर पुन्हा सरळ होईल. भंगारवाले तुकडा जाळून धुराच्या वासावरून जात ओळखतात. ते घरी करू नका. पीव्हीसी जाळला तर जो धूर निघतो तो नाकात जाऊ नये असाच असतो.

बाकीचे आकडे थोडक्यात, कारण ते तुमच्या डब्यात नाहीत. ६ म्हणजे थर्मोकोल आणि कडकडीत पारदर्शक पेले. गरम तेलाशी त्यांचं अजिबात जमत नाही. थर्मोकोलच्या ताटल्या महाराष्ट्राने २०१८ मध्येच बंद केल्या, तरी लग्नाच्या पंगतीत कुठे ना कुठे दिसतात. ३, म्हणजे पीव्हीसी, मऊ करायला जे तेलासारखे पदार्थ घालतात तेच तेलकट जेवणात उतरतात, म्हणून काही चिकट पारदर्शक फिल्म गरम भाजीवर थेट टेकवू नये. ७ मात्र आकडा नसून पोतडी आहे. वीस लिटरचा जुना पाण्याचा जार ज्याचा करतात तो पॉलिकार्बोनेट ७ मध्ये, त्यात बीपीए असतं. आपल्या मानकाने २०१५ मध्ये लहान मुलांच्या दुधाच्या बाटल्यांतून ते काढायला लावलं. पण बीपीए नसलेल्या नव्या स्वच्छ बाटल्याही ७, आणि मक्यापासून केलेलं, गरम चहाने मऊ पडणारं प्लॅस्टिकही ७. नुसता ७ वाचून काहीच ठरवता येत नाही. मेलामाइनच्या प्लेटा या कुटुंबातल्याच नाहीत. त्या वितळत नाहीत, म्हणून त्यांना जातीचा आकडाही बसत नाही, आणि मायक्रोवेव्हमध्ये त्या घालायच्या नाहीत.

नवऱ्याच्या म्हणण्याबद्दल. पीपीच्या डब्यातून कोमट आमटी नेण्याला विष म्हणणं मला पटत नाही. पण गरम पाण्याने पीपीतून सूक्ष्म कण सुटतात हे खरं आहे. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संशोधकांनी २०२० मध्ये बाळांच्या पीपीच्या दुधाच्या बाटल्या तपासल्या. ७० अंशांच्या पाण्याने दूध तयार करायच्या रीतीने लिटरमागे लाखो कण मिळाले, आणि पाणी जितकं गरम तितके ते जास्त. मी स्वतः या एवढ्याच गोष्टीमुळे सवय बदलली. नेतो प्लॅस्टिकमधून, तापवतो काचेत. तुम्हीही ऑफिसच्या कपाटात एक काचेचा किंवा चिनी मातीचा वाडगा ठेवा. आमटी त्यात ओता, वर उपडी बशी ठेवा आणि तापवा. स्टीलचा डबा सर्वांत निर्धोक, पण तो मायक्रोवेव्हमध्ये चालत नाही, म्हणून वाडगा तरीही लागतोच.

राहिला प्रश्न डबे किती दिवस ठेवायचे याचा. महिने मोजत बसू नका, डबा बघा. आत खरखरीत रेघ उमटली, घासणीने ओरखडे पडून भिंत धुरकट झाली, हात लावल्यावर चिकट वाटतो, काठ वाकडा होऊन झाकण नीट बसत नाही, किंवा धुऊन वाळवल्यावरही मागच्या आठवड्यातल्या लसणाच्या चटणीचा वास येतो, यातलं काहीही एक झालं की तो डबा जेवणातून निवृत्त. फेकायची घाई नको. खिळे, स्क्रू, सुईदोरा, बागेतलं खत यासाठी तो आणखी पाच वर्षं टिकेल, आणि भंगारात जाईल तेव्हा तळाचा तो ५ शेवटी योग्य माणूस वाचेल. मात्र काळा डबा तिथेही अडचणीचा. काळ्या रंगासाठी वापरलेली काजळी मशीनच्या अवरक्त किरणांना गिळून टाकते, त्यामुळे प्लॅस्टिक वेगळं करणाऱ्या मशीनला काळा डबा दिसतच नाही, आणि आपल्याकडे अजून जिथे हाताने निवडतात तिथेच त्याची जात ओळखली जाते.

आणि एक राहिलं. गच्चीवर कोणी रंगाच्या बादलीत पिण्याचं पाणी किंवा तांदूळ ठेवत असेल, तर त्यावर ५ असला तरी ती बादली उद्याच रिकामी करा.